बढती, टॅटू आणि गोपनीय अहवालातला एक शेरा

प्रश्न: मी २७ वर्षांचा, बी.कॉम. कुडाळजवळच्या एका पतसंस्थेत पाच वर्षं लिपिक आहे. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत टॅटू आहे, डाव्या भुवईत रिंग आहे, केस वाढवून मागे बांधतो. वरिष्ठ लिपिकाच्या बढतीत दोनदा मला डावललं. कारण कोणी सांगत नाही. साहेब एकदा एवढंच म्हणाले, "जरा माणसात ये, मग बघू." टॅटू लेझरने काढून टाकू का? कायद्याने काही करता येतं का? आणि धाकटा भाऊ नौदलात जायची तयारी करतोय, त्याला छातीवर राजमुद्रा गोंदवून घ्यायची आहे. त्याने घ्यावी का?

उत्तर:

लेझरच्या आधी गोपनीय अहवाल बघा. गेली दोन वर्षं तुमच्या शाखाधिकाऱ्याने त्यात काय लिहिलं, हे कळल्याशिवाय टॅटूवर एक रुपयाही खर्च करू नका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पतसंस्था, नागरी बँका आणि मासळी प्रक्रिया कारखाने यांच्यासाठी भरती-बढतीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, दिसण्यावरून माणूस मागे पडतो तो बहुतेकदा मार्च-एप्रिलमध्ये, अहवाल भरला जातो तेव्हा. मुलाखतीच्या दिवसापर्यंत निकाल जवळजवळ लागलेला असतो.

संचालकांना तुमच्या हाताची एवढी धास्ती का वाटते ते आधी समजून घ्या. ती नुसती जुनाट आवड नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. निवृत्त शिक्षक आपली रक्कम तुमच्याकडे ठेवतो किंवा मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी आईच्या नावाने मुदत ठेव करतो, तेव्हा त्याच्याकडे संस्थेतल्या ओळखीच्या माणसांखेरीज दुसरा आधार नसतो. "अमक्याचो झील थंय बसता" एवढ्यावर ठेव येते. जिल्ह्यात एखाद्या संस्थेत घोटाळा झाल्याची नुसती कुजबुज झाली, तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या संस्थेच्या काउंटरवर ठेवी मोडायला रांग लागते. संचालकांनी हे पाहिलेलं असतं. म्हणून काउंटरवरचं काहीही वेगळं दिसलं की त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "ठेवीदार काय म्हणतील?"

भीतीचं मूळ खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष तपासलेला नसतो. टॅटू पाहून अमुक ठेवीदाराने ठेव काढली, असं मला नाव घेऊन आजवर कोणी दाखवलेलं नाही. कोकणातल्या बहुतेक ठेवीदारांच्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण होतं. जुन्या शास्त्री-पंडितांच्या कानात भिकबाळी असायची. माणसं अंगावरची खूण बघून बिचकतात असं नाही. ती कोणी, कुठे आणि कशासाठी करून घेतली याचा अंदाज लागला नाही तर बिचकतात. पंचविशीतल्या मुलाच्या हातावरचा कवटी-गुलाबाचा टॅटू पाहून साठीतल्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही. मग त्या जागी तो आपल्याला ठाऊक असलेला अर्थ भरतो: व्यसन, उनाडपणा, मारामारी.

मासळी कारखान्यात हे निराळं चालतं, आणि तो फरक तुमच्या कामाचा आहे. निर्यातीची कोळंबी किंवा माकूल हाताळणाऱ्या विभागात भुवईची रिंग, नथ, बांगड्या, घड्याळ काहीच चालत नाही. केस पूर्ण झाकणारी टोपी घालावी लागते, दाढी असेल तर तोंडावर जाळी. तिथे भुवईतली रिंग मालात पडली तर अख्खा लॉट परत येऊ शकतो. नियम लेखी असतो, कारण सांगता येतं आणि मालकाच्या भाच्यालाही तो लागू असतो. टोपीखाली केस निळे आहेत की काळे, हे तिथे कोणी विचारत नाही. पतसंस्थेत नेमकं उलट: नियम लेखी नसतो, कारण कोणी सांगत नाही, आणि तो कोणाला लावायचा हे साहेब ठरवतात. असा नियम मोडला म्हणून कोणी मेमो देत नाही, फक्त अहवालातले गुण कमी होतात.

भरती आणि बढती यांतला फरकही इथूनच येतो. भरतीच्या मुलाखतीत समिती तुम्हाला दहा मिनिटं बघते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, रिंग काढली, केस कापले की त्या दहा मिनिटांत हातावर काय आहे हे कळतही नाही. बढतीत तुम्हाला वर्षाचे तीनशे दिवस बघणारा एकच माणूस असतो आणि लिहिणाराही तोच. परदेशात या विषयावर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टॅटू असणाऱ्यांचं वेतन किंवा रोजगार कमी असल्याचं आढळलं नाही. पण तो निष्कर्ष सगळ्या व्यवसायांचा एकत्र आहे, आणि तिथे ज्याला एका ठिकाणी नाकारलं तो शेजारच्या दुकानात जातो. कुडाळ-सावंतवाडीत चार संस्थांचे संचालक एकमेकांच्या लग्नाला जातात. तिथे त्या सरासरीचा तुम्हाला उपयोग नाही.

आता एक प्रकरण आकड्यांसकट सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नाव गाळतो. किनाऱ्यावरच्या एका पतसंस्थेत उपलेखापालाची जागा रिकामी झाली आणि निवडीच्या कामात बाहेरचा सल्लागार म्हणून मला बोलावलं होतं. उमेदवारांमध्ये एक मुलगी होती. मनगटाच्या आतल्या बाजूला आणि मानेवर लहान टॅटू, डोक्याची एक बाजू बारीक कापलेली, वरच्या केसांना तांबडा रंग. तिची सोनेतारण कर्जांची नोंदवही इतकी नेटकी की लेखापरीक्षकाने तिच्यावर एकही शेरा मारला नव्हता. निवडीचे गुण असे होते: लेखी परीक्षा ५०, गोपनीय अहवाल ३०, मुलाखत २०.

तिला लेखीत ४१ गुण मिळाले, सर्वांत जास्त. तिच्या खालोखालच्या मुलाला ३३. अहवालात तिला १४ आणि त्याला २४. मुलाखतीत तिला ९, त्याला १५. बेरीज तिची ६४, त्याची ७२. लेखीत कमावलेली आठ गुणांची आघाडी अहवालात आणि मुलाखतीत सोळा गुणांनी धुऊन निघाली. समितीतले सगळे म्हणाले, "हुशार आहे, पण मुलाखतीत कमी पडली." खरं म्हणजे मुलाखतीत ती फक्त सहा गुणांनी मागे होती. दहा गुण अहवालात गेले होते, आणि तो अहवाल समितीतल्या कोणीच उघडून वाचला नव्हता. फक्त आकडा घेतला होता.

मी अहवाल मागवले. तीन वर्षांपूर्वी तिची श्रेणी "उत्तम" होती. पुढच्या दोन वर्षांत "साधारण". कामाच्या रकान्यांत काही बदललं नव्हतं: वक्तशीरपणा, अचूकता, ग्राहकांशी वागणूक सगळीकडे आधीसारखंच. खाली एक ओळ होती: "राहणीमान संस्थेस साजेसे नाही." श्रेणी त्या एका ओळीने उतरली होती. आणि तिला ती कोणी दाखवलेली नव्हती.

संस्थेचे सेवानियम काढले. त्यात कलम होतं की प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवला पाहिजे आणि त्यावर त्याचं म्हणणं घेतलं पाहिजे. हे कलम बऱ्याच संस्थांच्या नियमांत सापडतं, कारण ते सरकारी नियमांवरून उचललेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सरकारी सेवकांबाबत याहून पुढे जाऊन सांगितलं की चांगली-वाईट प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे. तो निकाल पतसंस्थेला जसाच्या तसा बांधील नाही, पण स्वतःच्या सेवानियमाला संस्था बांधील असते.

तिने दोन परिच्छेदांचा अर्ज दिला. टॅटूविषयी त्यात एक शब्द नव्हता. शेरा आपल्याला कळवला नाही एवढं सांगून, तो कोणत्या घटनेवर किंवा तक्रारीवर आधारलेला आहे ते कळवावं अशी विनंती होती. शाखाधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा त्याच्याकडे ना ग्राहकाची तक्रार होती, ना तारीख, ना दिलेली समज. एक ठेवीदार "काय चाललंय हे" म्हणाला होता, एवढंच त्याला आठवत होतं. सेवक समितीने तो शेरा काढून टाकला आणि कामाच्या रकान्यांप्रमाणे श्रेणी पुन्हा लावली. अहवालाचे गुण १४ चे २४ झाले. मुलाखतीच्या ९ गुणांना कोणी हात लावला नाही. बेरीज ७४ झाली, दुसऱ्याची ७२. जागा तिला मिळाली.

त्या मुलाखतीतले ९ गुणही मला अन्यायाचेच वाटले होते आणि आजही वाटतात. पण मुलाखतीचा गुण हा समितीचा त्या क्षणाचा अंदाज असतो, तो खोडून काढायला हाताशी काही नसतं. अहवालाला कागद असतो. म्हणून शक्ती कागदावर लावा.

आता तुमच्याबद्दल. आधी कार्यालयातून सेवानियमांची प्रत मिळवा. कर्मचाऱ्याला ती दाखवायला नकार देण्याचं कारण संस्थेकडे नसतं. त्यात तीन गोष्टी शोधा: बढती ज्येष्ठतेने आहे की गुणवत्तेने, अहवालाला किती वजन आहे आणि प्रतिकूल शेरा कळवण्याचं कलम आहे का. मग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करून गेल्या दोन वर्षांची श्रेणी आणि प्रतिकूल शेरा असल्यास त्याची प्रत मागा. आवक क्रमांकासह पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज करायला अनेकजण सांगतील. तो थेट चालणार नाही: सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवलं की सरकारच्या मालकीची किंवा भरीव निधीवर चालणारी नसलेली सहकारी संस्था त्या कायद्याखालचं सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही.

कायद्याचं बळ किती, तेही स्पष्ट सांगतो. टॅटू किंवा केस यांवरून खासगी नोकरीत भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. घटनेतला समान संधीचा हक्क राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतो, आणि साधी पतसंस्था त्यात सहसा बसत नाही. महाराष्ट्रात कामगार संघटना आणि अनुचित कामगार प्रथांविषयीचा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत, गुणवत्ता बाजूला ठेवून एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे, आणि तक्रार घटनेपासून नव्वद दिवसांत करायची असते. पण "बढती कोणाला द्यायची हा व्यवस्थापनाचा अधिकार" या भूमिकेवरून न्यायालय सहसा हलत नाही. लेखी नियम मोडल्याचं दिसलं तरच ते हात घालतं. शिवाय नव्या श्रमसंहितांमुळे कामगार कायद्यांची मांडणी बदलते आहे, तेव्हा नव्वद दिवसांच्या आत रत्नागिरी किंवा कोल्हापूरकडच्या कामगार वकिलाला कागद दाखवा. माझ्या अनुभवात वरच्यासारखा साधा अर्ज खटल्यापेक्षा लवकर फळाला येतो, आणि नोकरीतले संबंधही टिकतात.

अहवाल हाती येईपर्यंत एक गोष्ट नीट तपासा: टॅटू हेच कारण आहे, की ते फक्त निमित्त आहे? गेल्या दोन वेळा ज्यांना बढती मिळाली त्यांची नावं लिहा. पुढे त्यांची सेवाज्येष्ठता, त्यांनी आणलेल्या ठेवी, वसुलीचं काम आणि संचालकांशी नातं लिहा. दोघेही तुमच्याहून ज्येष्ठ असतील आणि बढती ज्येष्ठतेने असेल, तर तुमच्या हाताचा काही संबंध नाही. दोघांपैकी एक संचालकाचा जावई असेल, तर तुम्ही उद्या हात स्वच्छ करून आलात तरी तिसऱ्यांदा दुसरं कारण निघेल. टॅटू हे खरं कारण असतं तेव्हा आणखी एक खूण दिसते: बढती अडकण्याच्या आधीच माणसाला काउंटरवरून उचलून आत बसवलेलं असतं, जमाखर्चाच्या टेबलावर किंवा रेकॉर्डला. काम तेवढंच, पण ठेवीदाराच्या नजरेआड. वर्षभरात तुमच्याबाबत असं घडलं असेल, तर तारीख आणि आदेशाचा कागद जपून ठेवा. नंतर "ठेवी आणण्याचा अनुभव नाही" हा आक्षेप आला, तर तो अनुभव तुमच्या हातून कोणी काढून घेतला हे त्या कागदाने दाखवता येईल.

तुमच्या अंगावरच्या तीन गोष्टी मी एका मापाने मोजत नाही. रिंग सगळ्यात सोपी. भुवईचं छिद्र जुनं असेल तर कामावर येताना काढून संध्याकाळी परत घालता येते. नवीन असेल, म्हणजे भरायला लागणारे दोन-तीन महिने झाले नसतील, तर रोज काढ-घाल करू नका, पू होईल किंवा छिद्र बुजेल. तोवर पारदर्शक काचेचा किंवा प्लास्टिकचा छोटा खिळा मिळतो तो घाला, हाताच्या अंतरावरून तो दिसत नाही. पुढे कधी कानाच्या वरच्या कुर्चेत टोचून घेणार असाल तर लक्षात ठेवा, ती जागा भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्या काळात मुलाखत आली तर काढता येत नाही.

केसांबद्दल माझं मत जरा कडक आहे. चेहऱ्याच्या चौकटीत असल्यामुळे केस टॅटूपेक्षा आधी दिसतात आणि ते झाकताही येत नाहीत. पण ते महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे कापले तरी कायमचं काही जात नाही. बढतीच्या वर्षात, अहवाल भरायच्या आधीचे तीन-चार महिने, मी तुमच्या जागी असतो तर कापले असते. हे तुम्हाला मान्य नसेल, तर निदान ते रोज एकाच पद्धतीने, तेल-पाणी करून घट्ट बांधलेले असू देत. साहेबाला खटकतं ते बहुतेकदा लांबीपेक्षा विस्कटणं.

टॅटूचं गणित निराळं आहे. शाई त्वचेच्या आतल्या थरात, पेशींच्या पोटात बसलेली असते. लेझर ती फोडतो आणि शरीर हळूहळू तिचे तुकडे वाहून नेतं, म्हणून दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे जावे लागतात. काळ्या शाईला क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं यंत्र १०६४ नॅनोमीटरवर वापरतात. हिरवा आणि निळा रंग चिवट, ते त्याने नीट जात नाहीत. मनगट-कोपरावरचा टॅटू धडावरच्यापेक्षा सावकाश निघतो. आठ बैठका धरल्या तर मधली अंतरं सात, प्रत्येकी सात आठवडे धरले तरी ४९ आठवडे झाले. एवढ्या मोठ्या टॅटूला आठ पुरतीलच असं नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर पांढरे डाग राहण्याचा धोका असतो आणि उपचाराच्या काळात हात उन्हापासून जपावा लागतो, जे कोकणात दुचाकीवरून फिरणाऱ्याला कठीण आहे. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर हात अर्धवट पुसलेला, भाजल्यासारखा दिसतो. पुढच्या मार्चमध्ये अहवाल भरताना साहेबांना नेमका तोच हात दिसेल. टॅटू तुम्हाला स्वतःलाच नकोसा झाला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन काढा. बढतीसाठी काढू नका. आणि मेडिकलमधलं "टॅटू काढायचं क्रीम", मीठ घासणं, आम्ल लावणं यातलं काही करू नका, जखमेचा वण टॅटूपेक्षा वाईट असतो.

त्याऐवजी शर्ट. पूर्ण बाही, बटण मनगटावर बंद. पांढरा पातळ शर्ट टाळा: मे महिन्यातला घाम आणि जुलैतला पाऊस दोन्हींत तो अंगाला चिकटतो आणि शाई आरपार दिसते. बारीक चौकडी किंवा मध्यम रंगाचं जाडसर सुती कापड घ्या. दुचाकीवाले घालतात ती काळी ताणाची बाही काउंटरवर नको, ती लपवण्याकडेच लक्ष वेधते. मेकअपने झाकायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या, इथल्या दमट हवेत तो दुपारपर्यंत टिकत नाही आणि वहीवर उतरतो.

साहेबांशी बोलायचं तर एकट्यात आणि अहवाल भरायच्या दोन महिने आधी. "माझ्या टॅटूमुळे का?" असं विचारू नका, ते "छे, छे" म्हणतील आणि विषय संपेल. असं विचारा: "साहेब, वरिष्ठ लिपिकाला वसुलीला आणि ठेवीला घरोघर जावं लागतं. या तीन महिन्यांत तुम्ही सांगाल त्या दोन वाड्या मला द्या. ठेवी किती आल्या आणि कोणी माझ्याविषयी काही बोललं का, दोन्ही तुम्हीच बघा." यात तुम्ही त्यांच्या खऱ्या भीतीला हात घालता आणि ती तपासायची संधी त्यांनाच देता. काम झालं की एका पानावर तारीखवार नोंद करून द्या. अहवाल भरताना ते पान त्यांच्या टेबलावर असलं, तर नुसत्या "राहणीमाना"वर श्रेणी उतरवणं अवघड जातं.

दार बंदच असेल तर वयाचा हिशेब ठेवा. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची सामाईक परीक्षा सर्वसाधारण गटाला २८ वर्षांपर्यंत देता येते, अधिकारी पदाची ३० पर्यंत. राखीव गटांना सवलत आहे. लिपिक भरतीत मुलाखतच नसते, निवड लेखी गुणांवर होते. "बँकेत टॅटू चालत नाही" असं क्लासमध्ये सर्रास सांगतात, पण त्या भरतीच्या पात्रतेत टॅटूची अट नसते. तुमच्याकडे लिपिकासाठी फार तर एक-दोन संधी आहेत, म्हणून हा अभ्यास पतसंस्थेतल्या भांडणाच्या निकालासाठी थांबवू नका.

भावाला मात्र आजच थांबवा. तुमच्या संस्थेत नियम लेखी नाही, नौदलात तो काटेकोर लेखी आहे. कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खोबणीपासून मनगटापर्यंत, किंवा पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. शरीरावर इतर कुठेही असेल तर उमेदवार बाद होतो. जिथे अंगावर गोंदणं ही रूढी आहे अशा आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यात सवलत आहे. छातीवरची राजमुद्रा कितीही श्रद्धेने घेतली असली तरी वैद्यकीय तपासणीत ती नापास करते, आणि तिथे साहेबांना समजावून काही होत नाही. निमलष्करी दलांचं माप आणखी वेगळं आहे: सलामी उजव्या हाताने देतात म्हणून टॅटू फक्त डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागे, आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान. धार्मिक चिन्ह आणि नाव चालतं. त्याला गोंदवून घ्यायचंच असेल तर दोन्हीकडे चालेल अशा जागा दोनच उरतात, डाव्या हाताच्या आत किंवा पंजाच्या मागे, आणि तेही लहान. तेही निवड होईपर्यंत थांबून, आणि जत्रेतल्या यंत्रावर नको: तिथे सुई बदलली का हे कोणी बघत नाही, आणि कावीळ ब, क किंवा एचआयव्हीचा संसर्ग झाला तर तोही वैद्यकीय तपासणीत निघतो. अर्ज भरण्याआधी त्या भरतीच्या जाहिरातीतलं टॅटूचं कलम त्याने स्वतः वाचावं, दरवेळच्या जाहिरातीत ते छापलेलं असतं.